क्लिप कापून जोडली आहे का? मागचा आवाज आणि वेव्हफॉर्म पाहून जोड शोधण्याची पद्धत

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेनंतर चार दिवसांनी ग्रुपवर एक ऑडिओ क्लिप आली. एक मिनिट बावन्न सेकंदांची. त्यात आमचे खजिनदार काका स्वच्छ शब्दांत म्हणत होते, "त्या कंत्राटदाराकडून मी पैसे घेतले." काका संध्याकाळी माझ्या घरी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अहो, आवाज माझाच आहे. पण मी असं बोललेलो नाही." मी हौसेने गावाकडच्या वयस्कर माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतो आणि संपादित करतो. म्हणजे खोकला काढणं, अडखळलेलं वाक्य जुळवणं, हे माझं नेहमीचं काम. त्यामुळे कट कसा करतात हे मला ठाऊक होतं. पण दुसऱ्याने केलेला कट शोधायला मात्र तीन रात्री लागल्या, कारण सुरुवातीला मी चुकीच्या जागी शोधत होतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर तो वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. आवाज त्या माणसाचा आहे की नाही, हा प्रश्न इथे नाही. शब्द खरे असतात, आवाजही खरा असतो, फक्त मधलं काहीतरी गेलेलं असतं किंवा दुसरीकडचं काहीतरी आणून चिकटवलेलं असतं. आपण शोधतो आहोत ती चिकटवल्याची जागा.

काय काय लागेल

- रेकॉर्डिंगची मूळ फाईल, किंवा मुळाच्या जितकं जवळ जाता येईल तितकी जवळची प्रत
- कॉम्प्युटर आणि ऑडॅसिटी हे आवाज संपादित करण्याचं सॉफ्टवेअर (मोफत मिळतं, मोबाईलच्या लहान पडद्यावर हे काम होत नाही)
- फाईलचा प्रकार बदलण्यासाठी `ffmpeg`
- कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन (ब्लूटूथवर आवाज पुन्हा आकुंचित होतो आणि बारकावे हरवतात)
- एक वही: वेळ, काय दिसलं, काय ऐकू आलं, असे तीन रकाने आखलेली

1. मूळ फाईल मिळवा आणि तिला हात लावू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर दहा जणांकडून फिरून आलेली क्लिप ही शेवटची निवड. ज्याने पहिल्यांदा टाकली त्याच्याकडे मागा, आणि ती "डॉक्युमेंट" म्हणून किंवा पेनड्राइव्हवर द्यायला सांगा. फाईल दर वेळी नव्याने आकुंचित झाली की जोडाच्या खुणा थोड्या थोड्या पुसट होत जातात. कुणी स्पीकरवर वाजवून दुसऱ्या फोनने टिपलेली क्लिप दिली तर ती जवळपास निरुपयोगी, कारण तिच्यात दुसऱ्या खोलीचा आवाज पहिलीवर पसरलेला असतो आणि सगळे जोड त्याच्याखाली झाकले जातात.

फाईल मिळाली की आधी तिचा हॅश काढून वहीत लिहा. हॅश म्हणजे त्या फाईलच्या बोटाचा ठसा. एक बिट बदलला तरी तो बदलतो. पुढे कुणी "तुम्हीच काहीतरी केलं असेल" म्हणालं तर हा ठसा उपयोगी पडतो. विंडोजमध्ये फाईलच्या फोल्डरमधून कमांड प्रॉम्प्ट उघडून:

```
certutil -hashfile mool.m4a SHA256
```

मग कामासाठी वेगळी प्रत तयार करा:

```
ffmpeg -i mool.m4a -c:a pcm_s16le kaam.wav
```

यापुढचं सगळं `kaam.wav` वर. मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्या.

2. आधी स्वतः एक खोटी क्लिप बनवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती, आणि पहिली रात्र त्यातच गेली. जोड कसा दिसतो हे डोळ्याला माहीत नसताना वेव्हफॉर्मकडे, म्हणजे आवाजाच्या नागमोडी आलेखाकडे, पाहत बसलं, तर प्रत्येक उंचवटा संशयास्पद वाटतो.

तुमच्या खोलीत पंखा लावा आणि फोनवर एक मिनिट काहीतरी वाचा. पंखा बंद करून आणखी अर्धा मिनिट वाचा. ऑडॅसिटीत आणून एका वाक्यातला शेवटचा शब्द उडवा, आणि पंख्याशिवायचं एक वाक्य उचलून पंखा असलेल्या भागात मधे घाला. एक्स्पोर्ट करा, पुन्हा उघडा. आता जोड कुठे आहेत ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा ते कसे दिसतात ते शांतपणे पाहा. हे दोन वेगळे प्रकार आहेत, मधलं काढणं आणि बाहेरचं घालणं, आणि दोघांच्या खुणा वेगळ्या असतात. पुढच्या पायऱ्या याच फरकावर उभ्या आहेत.

3. बोलणं सोडून मागचा आवाज ऐका

आपला कान शब्दांच्या मागे धावतो. कट करणाराही शब्दच ऐकून कापतो. मागे पंखा काय करतो आहे, रस्त्यावरची रिक्षा मधेच कुठे गेली, याकडे त्याचं लक्ष नसतं. म्हणून शोध तिथून सुरू करायचा.

कामाच्या प्रतीवर `Effect` मेनूतला `Amplify` लावून आवाज 20 ते 25 डेसिबलने वाढवा (`Allow clipping` वर खूण करावी लागते). बोलणं फाटेल, कर्कश होईल, त्याची काळजी नको. आपल्याला दोन वाक्यांमधल्या फटी ऐकायच्या आहेत. हेडफोनचा आवाज मात्र आधी अगदी कमी करा, कानाला इजा होऊ शकते.

डोळे मिटून पूर्ण क्लिप एकदा ऐका आणि फक्त खोली ऐका. पंख्याची घरघर, ट्यूबच्या चोकची गुणगुण, दूरची वाहनं, कावळे, भांडी, कुणाच्या पायाचा आवाज. प्रत्येक रेकॉर्डिंगला असं एक अस्तर असतं. अस्तर जिथे अचानक पातळ किंवा जाड होतं, जिथे हॉर्न सुरू होऊन मधेच संपतो, जिथे पक्ष्याची शीळ अर्धीच राहते, तिथे `Ctrl+M` दाबून खूण करा. कारण नंतर शोधू.

काकांच्या क्लिपमध्ये मला पहिल्याच ऐकण्यात एक जागा सापडली, 1 मिनिट 16 सेकंदांवर. कुणीतरी विचारतं, "म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं?" आणि काका म्हणतात, "हो, तसंच ठरलं होतं." या उत्तराच्या मागे खोली एकदम शांत होते. उत्तर संपलं की घरघर पुन्हा येते. साध्या आवाजात हे कळत नव्हतं, वीस डेसिबल वाढवल्यावर लपणं शक्यच नव्हतं.

4. कानाला जे वाटलं ते मोजून पाहा

"मला वेगळं वाटलं" यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. आवाज न वाढवलेली प्रत उघडा. संशयाच्या जागेआधीची बोलणं नसलेली फट निवडा, अर्धा सेकंद मिळाला तर उत्तम, पाव सेकंदावरही काम होतं. `Analyze` मेनूतलं `Contrast` उघडा आणि ती निवड एका रकान्यात मोजा. मग संशयित भागातली फट निवडून दुसऱ्या रकान्यात मोजा. हे साधन मुळात बोलणं आणि मागचं संगीत यांच्यातलं अंतर तपासायला दिलेलं आहे, पण दोन शांत फटी शेजारी ठेवून पाहायला ते छान चालतं.

काकांच्या क्लिपमध्ये प्रश्नाच्या आधीची फट उणे 51 डेसिबलवर होती. "हो" आणि "तसंच" यांच्यामधली बारीकशी फट उणे 60 वर. उत्तर संपल्यावर पुन्हा उणे 51. एखाद-दोन डेसिबलचा फरक कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये येतो, त्यावरून काही म्हणू नका. नऊ डेसिबल दोन सेकंदांपुरते खाली जाऊन बरोबर पूर्वीच्या जागी परत येतात, तेव्हा विचारावं लागतं की खोलीत त्या दोन सेकंदांत झालं काय.

आता चित्र पाहा. ट्रॅकच्या नावावर क्लिक करून `Spectrogram` निवडा. यात आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष आवाजाच्या उंचीचा, आणि रंग जितका तेजस्वी तितका आवाज मोठा. पंखा खालच्या भागात धूसर आडव्या पट्ट्यासारखा दिसतो. आमच्या क्लिपमध्ये हा पट्टा सुरुवातीपासून सलग होता आणि त्या उत्तराच्या जागी सुरीने कापल्यासारखा नाहीसा झालेला होता. दोन्ही कडा सरळ उभ्या.

या उभ्या कडेत बरंच काही आहे. खरा पंखा बंद केला तर पाती हळूहळू थांबतात, पट्टा कित्येक सेकंद विरत जातो. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना आधी खटका येतो आणि मग गुणगुण चढते. दार उघडलं तर बाहेरचा आवाज चढत येतो, दाराचाही आवाज येतो. खोलीतल्या बदलांना उतार असतो. जोडाला उतार नसतो, तो काही मिलिसेकंदांत होऊन जातो.

5. अस्तर सारखंच असेल तर त्याचा ठेका पाहा

माझी खरी अडचण इथे झाली. "हो, तसंच ठरलं होतं" हे बाहेरून आणून घातलं होतं, ते सापडलं. पण काकांचं मुख्य वाक्य, "मी पैसे घेतले", त्याच्या आसपास मागचा आवाज अगदी एकसारखा होता. अलीकडे उणे 51, पलीकडे उणे 51. दुसऱ्या रात्री मी जवळजवळ मान्य केलं होतं की इथे काही नाही.

चूक अशी की एकाच रेकॉर्डिंगमधून मधला तुकडा फक्त काढला तर दोन्ही बाजूंना तीच खोली, तोच पंखा, तीच पातळी राहते. आवाज बदलत नाही. बदलतो तो त्याचा ठेका.

सभागृहातला पंखा जुना होता आणि दर फेऱ्याला टक् असा बारीक आवाज करत होता. वेव्हफॉर्ममध्ये आवाज वाढवून मी शांत भागांतले टक् मोजले. एकापासून दुसरा बरोबर 0.24 सेकंदांवर. संपूर्ण क्लिपभर हेच अंतर, कारण पंखा एका वेगाने फिरत होता. मग वाक्याच्या शेवटाजवळचे टक् लिहून काढले: 40.70, 40.94, 41.18, आणि त्यानंतरचा 41.29. पुढे पुन्हा 41.53, 41.77, व्यवस्थित.

41.18 नंतर 41.42 ला यायला हवा होता तो टक् 41.29 ला आला. अंतर 0.24 ऐवजी 0.11. पंखा एका फेऱ्यापुरता दुप्पट वेगाने फिरत नाही. मधून वेळ कापला गेला आहे, आणि किती कापला असेल याचाही अंदाज येतो: 0.13 सेकंद, किंवा त्यात पंख्याचे पूर्ण फेरे मिळवून 0.37, 0.61, 0.85 आणि असंच पुढे. हे आकडे मी वहीत लिहून ठेवले. ते पुढे लागले.

पंखाच असायला हवा असं नाही. घड्याळाची टिकटिक, पंपाची धडधड, पार्श्वभूमीला वाजणारं गाणं किंवा तबला, पाण्याचे थेंब, जे नियमित आहे ते सगळं घड्याळाचं काम करतं. विजेची गुणगुणही त्यातच येते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे तिची एक लाट 20 मिलिसेकंदांची, आणि चोक-ट्रान्सफॉर्मरची गुणगुण बहुधा त्याच्या दुप्पट, 100 हर्ट्‌झवर ऐकू येते. प्रयोगशाळांमध्ये याच लाटेचा सलगपणा तपासतात: कापलेल्या जागी लाट आपल्या चालीतून निसटते. विजेवर चालणाऱ्या रेकॉर्डरच्या किंवा मायक्रोफोन-अ‍ॅम्प्लिफायरच्या रेकॉर्डिंगमध्ये ती सहज दिसते. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र खालचे सूर बऱ्याचदा गाळलेले असतात, तेव्हा दिसली नाही तर तिच्या मागे वेळ घालवू नका.

6. मराठी वाक्याचा शेवट नीट तपासा

हे मला कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत सापडलं नव्हतं, आणि आपल्यासाठी तेच सगळ्यात उपयोगाचं आहे. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. "घेतले नाहीत", "म्हणालो नव्हतो", "देणार नाही". शेवटचा एक शब्द उडवला की वाक्य व्याकरणाने पूर्ण राहतं आणि अर्थ उलटा होतो. कापणाऱ्याला मधे काही जुळवावं लागत नाही. म्हणून संशयित क्लिपमध्ये महत्त्वाच्या वाक्याचं क्रियापद जिथे संपतं, तिथे आधी जा.

तिथे दोन गोष्टी ऐका. वाक्य संपताना आपला सूर खाली उतरतो आणि शेवटचा स्वर विरतो. "मी पैसे घेतले." असं स्वतः म्हणून पाहा, मग "मी पैसे घेतले नाहीत." म्हणून पाहा. दुसऱ्यात "ले" उंच आणि भरीव राहतो, कारण पुढे बोलायचं आहे. काकांच्या क्लिपमधला "ले" असाच वर टांगलेला होता. आणि दुसरं, खोलीचा घुमारा. रिकाम्या भिंतींच्या सभागृहात शब्द संपल्यावर काही क्षण त्याची शेपूट रेंगाळते. काकांच्या इतर वाक्यांना ती होती. या "ले" ला नव्हती. स्वर पूर्ण जोरात असतानाच संपत होता आणि लगेच पुढचं वाक्य, "पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा", सुरू होत होतं.

7. आता वेव्हफॉर्ममध्ये अगदी आत जा

जागा हेरून झाल्यावरच झूम करा. आधी झूम करून पूर्ण क्लिप चाळत बसलात तर दिवस जाईल.

`Ctrl+1` दाबत राहा, रेषेचे सुटे ठिपके दिसेपर्यंत. हे ठिपके म्हणजे नमुने; 44.1 किलोहर्ट्‌झच्या फाईलमध्ये एका सेकंदाला 44,100. खऱ्या आवाजात हे ठिपके गुळगुळीत वळणाने एकामागून एक जातात. कच्चा जोड असेल तर एक ठिपका वर आणि त्याचा शेजारी थेट खाली, मधे उभा कडा. ऐकताना तो बारीक "टिक्" होतो, आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये तळापासून माथ्यापर्यंत जाणारी पातळ उभी रेघ होते. ही रेघ पाहायची असेल तर `Spectrogram Settings` मध्ये `Window Size` लहान घ्या, 256 किंवा 512. पंख्याचा किंवा विजेचा आडवा पट्टा पाहायचा असेल तेव्हा मोठा, 8192 च्या आसपास. एकाच मापात दोन्ही नीट दिसत नाहीत. मी पहिल्या रात्री मोठ्या मापात टिक् शोधत होतो आणि सगळं पुसट का दिसतंय ते कळत नव्हतं.

मात्र असा स्वच्छ कडा सहसा मिळत नाही, दोन कारणांनी. पहिलं म्हणजे जरा सराव असलेला माणूस रेषा शून्यावर असते तिथेच कापतो (ऑडॅसिटीत त्यासाठी नुसतं `Z` दाबायचं असतं), म्हणजे उडी राहतच नाही. दुसरं, एमपी-थ्री, एम-फोर-ए किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा ओपस हे सगळे प्रकार आकुंचन करताना उभ्या कड्याला घासून उतार बनवतात.

म्हणून कडा नसेल तर नक्षी पाहा. स्वर उच्चारताना वेव्हफॉर्ममध्ये एकच आकृती पुन्हा पुन्हा येते. पुरुषाच्या आवाजात साधारण 8 मिलिसेकंदांना एक, बाईच्या आवाजात त्याच्या निम्म्या वेळात. पैठणीच्या काठावरच्या नक्षीसारखी ती एकसारखी चालते, हळूहळू लहान-मोठी होते, पण मधेच तुटत नाही. काकांच्या "ले" मध्ये 41.22 सेकंदांवर ही आकृती सुरू होऊन अर्ध्यातच संपली होती आणि तिच्या उरलेल्या जागी सपाट, खरखरीत रेषा होती. उभा कडा नव्हता, घासला गेला होता. पण अर्धी नक्षी होती. बोलणारा माणूस स्वर थांबवतो तेव्हा आकृत्या लहान होत जातात, अर्ध्या होत नाहीत.

आणि हे 41.22, पंख्याच्या 41.18 आणि 41.29 या दोन टक्‌च्या मधे बसत होतं.

8. फसवणाऱ्या खुणा

इथे घाई केली तर निरपराध माणसावर आळ येतो, म्हणून हे दोनदा वाचा.

फोनवरच्या संभाषणाची रेकॉर्डिंग सगळ्यात फसवी. बोलणं थांबलं की नेटवर्क मागचा आवाज पाठवणंच थांबवतं आणि पलीकडे कृत्रिम खरखर भरतं. बोलणं सुरू झालं की खरा मागचा आवाज परत येतो. अशा रेकॉर्डिंगमध्ये मागचा आवाज दर वाक्याला बदलतो आणि त्याच्या कडा उभ्याच असतात. इथे तिसऱ्या-चौथ्या पायरीवरून काहीच ठरत नाही. नेट कमकुवत असेल तर शब्दही मधेच गळतात.

फोनचं रेकॉर्डर अ‍ॅप आवाज आपोआप कमी-जास्त करतं आणि खरखर दाबतं. ओळखायची खूण अशी की हा बदल बोलण्याबरोबर पूर्ण क्लिपभर तसाच होत राहतो. एकदाच, एकाच वाक्याभोवती झाला तर तो वेगळा.

रेकॉर्डिंग करणाऱ्याने मधे पॉझ दाबला असेल, किंवा फोन आला म्हणून रेकॉर्डिंग थांबून पुन्हा सुरू झालं असेल, तर तिथे खरोखरच जोड असतो. नंतर कापलेल्या जोडासारखाच दिसतो. वेळ गेलेला आहे इतकंच कळतं, कुणी आणि का घालवला ते कळत नाही. जोड शब्दाच्या मधोमध असेल तर पॉझची शक्यता कमी, दोन विषयांच्या मधे असेल तर बरीच. अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणात तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या 20 जून 1972 च्या टेपवर साडेअठरा मिनिटांची नुसती गुणगुण होती. 1974 मध्ये तज्ज्ञांच्या मंडळाने यंत्राचं बटण दाबल्या-सोडल्याच्या खुणांवरून सांगितलं की ती किमान पाच वेगवेगळ्या वेळा पुसली गेली आहे. कुणी पुसली हे त्या खुणांवरून त्यांनाही सांगता आलं नाही.

उलट बाजूही आहे. खुणा सापडल्या नाहीत म्हणजे क्लिप अखंड आहे असं म्हणता येत नाही. जोडाच्या दोन्ही बाजू दहा-वीस मिलिसेकंद एकमेकींत विरघळवल्या, संपूर्ण क्लिपखाली खोलीचा एकसारखा आवाज पसरला आणि वर हलक्या दर्जात एमपी-थ्री केली, तर ऑडॅसिटीत तुम्हाला आणि मला काही दिसणार नाही. वहीत "जोड आढळला नाही" लिहा, "जोड नाही" लिहू नका.

मी स्वतःसाठी ठेवलेला नियम असा: एकाच जागी एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन खुणा मिळाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पंख्याचा ठेका आणि स्वराची तुटलेली नक्षी, या दोन वेगळ्या खुणा. आवाजाची पातळी घसरणं आणि स्पेक्ट्रोग्राममधला पट्टा नाहीसा होणं, ही मात्र एकच खूण दोनदा मोजल्यासारखी आहे.

9. सापडलेलं कसं लिहावं, कुठे द्यावं

प्रत्येक जागेसाठी वेळ, काय मोजलं, किती आलं आणि दुसरं कोणतं कारण शक्य आहे, इतकं लिहा. स्क्रीनचे फोटो घ्या, त्यात वेळेची पट्टी दिसू द्या. कुणी कापलं हे लिहू नका, ते वेव्हफॉर्ममध्ये नसतं.

प्रकरण पोलिसांत किंवा न्यायालयात जाणार असेल तर तुमची वही पुरावा म्हणून पुरणार नाही. ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून घेताना आवाज ओळखता यायला हवा आणि पुसाखोडीची शक्यता दूर झालेली हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच मुंबईतून आलेल्या आर. एम. मलकानी प्रकरणात सांगितलं आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाईलचा हॅश लिहावा लागतो. पहिल्या पायरीत काढलेला हॅश इथे कामी येतो. ज्या फोनवर रेकॉर्डिंग झालं तो फोनही जपून ठेवायला सांगा, फॉरमॅट करू देऊ नका. पुढची तपासणी पोलीस किंवा न्यायालयामार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते.

आमचं प्रकरण तिथवर गेलं नाही. मी दोन जागांची नोंद करून एक पान सेक्रेटरी ताईंना दिलं आणि विचारलं, सभेची दुसरी कुठली रेकॉर्डिंग आहे का? त्यांच्याच फोनवर इतिवृत्त लिहिण्यासाठी केलेली पूर्ण 1 तास 10 मिनिटांची फाईल होती. कुणीतरी मागितली म्हणून त्यांनी ती सभेच्या दुसऱ्या दिवशी पाठवलीही होती. आम्ही ती सोबत बसून ऐकली. पहिली सहा मिनिटं पंखा बंद होता, कारण हजेरीचे कागद उडत होते. त्या सहा मिनिटांत कुणीतरी विचारलं होतं की पार्किंगचे स्टिकर गेल्या वर्षीच्याच रंगाचे राहणार का, आणि काका म्हणाले होते, "हो, तसंच ठरलं होतं."

मग मुख्य वाक्यापर्यंत गेलो. "त्या कंत्राटदाराकडून मी पैसे घेतले नाहीत." त्यानंतर छोटी विश्रांती, आणि "पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा." गेलेला शब्द आणि विश्रांती मिळून मोजली, तर 0.85 सेकंद भरली. ताईंनी हेडफोन काढला, तसाच काकांच्या हातात दिला आणि रेकॉर्डिंग पुन्हा मागे नेलं.